आडवा व्हिडिओ उभा केला, पण मागचा ब्लर समोरच्या चित्राशी जुळत नाही: कारण आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच प्रकारची असते. आडवा व्हिडिओ रील किंवा शॉर्टसाठी उभा करायचा असतो. वर-खाली काळ्या पट्ट्या नकोत म्हणून तोच व्हिडिओ मोठा करून, ब्लर करून मागे टाकला जातो. काळ्या पट्ट्या जातात, पण आता मागे रंगांचे मोठमोठे डाग हलत राहतात. समोरच्या चित्राची वरची कड गडद निळी असते आणि तिच्या लगेच वर भडक तांबडा रंग पसरलेला असतो. नजर मधल्या चित्रावर ठरत नाही. मग माणूस ब्लर वाढवतो, ब्राइटनेस कमी करतो, पुन्हा ब्लर वाढवतो, आणि तरीही चित्र मागच्या रंगावर चिकटवल्यासारखंच दिसतं.

ब्लर वाढवून हे सुटत नाही, कारण दोष ब्लरमध्ये नसतो. मूळ चित्राचा कोणता भाग मागे जातो आहे, तिथे तो असतो. त्यासाठी थोडा हिशेब पाहू.

उदाहरण म्हणून दशावतारी नाटकाचं रेकॉर्डिंग घेऊ. कोकणातल्या जत्रेत रात्री चाललेला प्रयोग, समोर ट्रायपॉडवर एकच कॅमेरा, 1920 × 1080, सेकंदाला 25 फ्रेम. मधे बाकड्यावर तांबड्या-सोनेरी पोशाखातला राजा, एका बाजूला पेटी-पखवाजवाली मंडळी, आणि युद्धाच्या प्रसंगात दोन नट रंगमंचाच्या दोन टोकांना. वर काळोख, त्यात दिव्यांची माळ. खाली प्रकाशात न्हालेली सतरंजी. असा व्हिडिओ उभा कापला तर एक तर राजा राहतो किंवा पखवाज राहतो, आणि युद्ध तर राहतच नाही. म्हणून इथे अख्खी चौकट ठेवणं गरजेचं आहे आणि मागे काहीतरी भरणंही.

उभी चौकट 1080 × 1920 ची. आडवं चित्र 1080 रुंदीत बसवलं की त्याची उंची 608 होते. उरले 1312 पिक्सेल, म्हणजे वर 656 आणि खाली 656. आता नेहमीची पद्धत काय करते? तेच चित्र 1920 उंचीपर्यंत मोठं करते. त्या वेळी त्याची रुंदी जवळपास 3413 होते आणि त्यातला मधला 1080 चा तुकडा ठेवला जातो. म्हणजे मागे दिसतो तो मूळ चित्राचा फक्त मधला तिसरा हिस्सा, आणि तोही समोरच्या चित्राच्या सव्वातीन पट आकाराचा.

आपल्या नाटकात त्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात राजा बसला आहे. समोरच्या चित्राची वरची कड म्हणजे काळोख, पण तिच्या वर पसरतो राजाचा किरीट आणि अंगरखा. राजा हात उचलतो तेव्हा मागे हाताची सव्वातीन पट मोठी सावली सरकते. डावीकडच्या पखवाजवाल्यावर पडलेला पिवळा उजेड मागे कुठेच येत नाही, कारण तो कापला गेला. असे दोन रंग एकमेकांना लागून आले की ब्लर कितीही मऊ करा, सांध्यावर ते भांडणारच.

हाच दोष आहे का, ते कसं ओळखावं

पूर्ण व्हिडिओ बनवण्याआधी एक फ्रेम काढा आणि फक्त सांधा पाहा, म्हणजे जिथे स्पष्ट चित्र संपतं आणि धूसर भाग सुरू होतो ती ओळ. त्या ओळीवर डावीकडून उजवीकडे नजर फिरवा. वरचा आणि खालचा रंग प्रत्येक ठिकाणी साधारण एकच असला पाहिजे. डावीकडे दिवा असेल तर त्याच्या वर धूसर भागातही डावीकडेच उजेड दिसला पाहिजे. तसं नसेल तर दोष हाच आहे. सांध्यावर रंग जुळतोय आणि तरीही मागचं खटकतंय, तर कारण वेगळं. त्यातली नेहमीची कारणं पुढे येतील.

उपाय: मागे मधला भाग नको, कडा हव्यात

वरच्या मोकळ्या जागेत मूळ चित्राची वरची पट्टी भरायची आणि खालच्या जागेत खालची. दोन्ही पट्ट्या उलट्या करायच्या, पाण्यात प्रतिबिंब पडतं तशा. वरची पट्टी उलटी केली की चित्राची अगदी वरची ओळ पट्टीच्या तळाशी येते, म्हणजे बरोबर सांध्याला लागते. खालच्या पट्टीचंही तसंच. रुंदी मात्र समोरच्या चित्राएवढीच ठेवायची, त्यामुळे डावीकडचा रंग डावीकडे आणि उजवीकडचा उजवीकडे राहतो. यानंतर रंग वेगळे जुळवावे लागत नाहीत, कारण सांध्याच्या दोन्ही बाजूंना मुळात एकाच ओळीतले रंग असतात.

पट्टी किती जाड घ्यायची? 1080 उंचीच्या चित्रात 216 ओळी, म्हणजे पाचवा हिस्सा, ही चांगली सुरुवात आहे. खूप बारीक घेतली, समजा 20 ओळी, तर ती 656 पिक्सेलपर्यंत ताणताना उभे सपाट पट्टे दिसतात, टांगलेल्या कापडासारखे. खूप जाड घेतली तर नटांचे चेहरे मागे शिरतात आणि पुन्हा डाग हलायला लागतात.

संगणकावर आज्ञा लिहून चालवायच्या `ffmpeg` या प्रोग्रॅममध्ये हे असं होतं:

```
ffmpeg -i natak.mp4 -filter_complex "
[0:v]split=3[m][u][d];
[m]scale=1080:608[mid];
[u]crop=iw:216:0:0,vflip,scale=108:66:flags=area,
gblur=sigma=6,scale=1080:656:flags=bicubic[up];
[d]crop=iw:216:0:ih-216,vflip,scale=108:66:flags=area,
gblur=sigma=6,scale=1080:656:flags=bicubic[dn];
[up][mid][dn]vstack=inputs=3,setsar=1,format=yuv420p[v]" \
-map "[v]" -map "0:a?" -c:v libx264 -crf 18 \
-c:a copy -movflags +faststart ubha.mp4
```

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ही सगळी आज्ञा एकाच ओळीत लिहा आणि ओळींच्या शेवटचे `\` काढून टाका.

मूळ चित्राच्या तीन प्रती होतात. पहिली मधे बसते. दुसरीतून वरची पट्टी आणि तिसरीतून खालची पट्टी कापली जाते, `vflip` तिला उलटी करतो, आणि शेवटी `vstack` तिन्ही तुकडे एकाखाली एक रचतो. ब्लर करण्याआधी पट्टी 108 × 66 एवढी लहान केली आहे, ती कशासाठी, हे सांगायला हवं. 1080 × 656 वर ब्लर करण्यापेक्षा दहापट लहान चित्रावर केला तर हिशेब करायचे पिक्सेल शंभरपट कमी होतात, आणि लहान चित्रावरचा 6 चा सिग्मा, म्हणजे ब्लरचा पसारा, मोठं केल्यावर 60 सारखा दिसतो. धूसर भागात बारकावे ठेवायचेच नसतात, तर ते मोजत बसण्यात यंत्राचा वेळ का घालवायचा? दोन तासांचं नाटक जुन्या लॅपटॉपवर बसवताना हा फरक चांगलाच जाणवतो. मात्र याहून फार लहान, समजा 16 × 9, करू नका. मोठं करताना जाळीसारखे चौकोन दिसायला लागतात.

प्रयोग करताना पूर्ण फाइल चालवू नका. `-i` च्या आधी `-ss 00:12:30 -t 10` लिहिलंत की साडेबारा मिनिटांनंतरचे दहा सेकंदच बनतील. तुकडा निवडताना मात्र कठीण प्रसंग निवडा. राजा शांत बसलेला असताना कुठलीही पद्धत चांगलीच दिसते. युद्ध चालू असेल तो तुकडा घ्या, किंवा काळ्या पोशाखातला संकासुर नाचत येतो तो घ्या.

रंग जुळला, पण मागचं लुकलुकतं

नाटकात हे हमखास होतं. दिव्यांची माळ वाऱ्याने हलते, एखादा नट तलवार उगारतो आणि तिचं टोक वरच्या पट्टीत शिरतं. स्पष्ट चित्रात ही हालचाल छोटी असते. पण 216 ओळींची पट्टी 656 पर्यंत ताणलेली आहे, त्यामुळे मागे तीच हालचाल उभी लांबट होऊन मोठी दिसते आणि डोळ्याला टोचते.

यावर ब्लर वाढवू नका. ब्लर जागेत पसरवतो, आपल्याला वेळेत पसरवायचं आहे. `gblur=sigma=6` च्या लगेच पुढे स्वल्पविराम देऊन `tmix=frames=25` जोडा, दोन्ही पट्ट्यांना. आता मागचा प्रत्येक फ्रेम आधीच्या 25 फ्रेमची सरासरी असेल, म्हणजे या व्हिडिओत एका सेकंदाची. तलवार आली आणि गेली तर मागे फक्त हलकीशी उजळी येऊन जाते. हे काम 108 × 66 च्या चित्रावर होत असल्यामुळे त्याचा वेळही फारसा जाणवत नाही. `tmix` शेवटच्या `scale` च्या पुढे टाकलात तर तेच काम शंभरपट पिक्सेलवर करावं लागेल, म्हणून जागा चुकवू नका.

याची मर्यादा एकच, पण ती महत्त्वाची आहे. व्हिडिओ एडिट केलेला असेल आणि त्यात शॉट बदलत असतील, तर शॉट बदलल्यावर मागचा रंग सेकंदभर जुन्या शॉटचाच रेंगाळतो. समोर दिवसाचं दृश्य आलेलं असतं आणि मागे अजून रात्र असते. अशा व्हिडिओत 5 किंवा 6 फ्रेमवर थांबा, आणि शॉट फारच पटापट बदलत असतील तर `tmix` काढूनच टाका. एका कॅमेऱ्याच्या न कापलेल्या रेकॉर्डिंगला 25 खुशाल ठेवा.

मागचं चित्र समोरच्यावर मात करतं

मागचा भाग थोडा मंद हवा, हे खरं. पण तो मंद करताना सहसा `eq` या फिल्टरचा ब्राइटनेस कमी केला जातो, आणि रात्रीच्या चित्रात तिथेच बिघडतं. ब्राइटनेस कमी करणं म्हणजे प्रत्येक पिक्सेलमधून सारखीच रक्कम वजा करणं. उजळ भागाला त्याचं काही वाटत नाही, पण जो भाग आधीच गडद आहे तो सरळ काळा होतो. आपल्या नाटकाच्या वरच्या पट्टीत काळोखच जास्त. म्हणजे इतका खटाटोप करून पुन्हा काळी पट्टीच हाती येते, आणि मधे दिव्यांचे तेवढे ठिपके उरतात.

वजाबाकी नको, गुणाकार हवा. दोन्ही पट्ट्यांच्या शेवटच्या `scale` नंतर स्वल्पविराम देऊन हे जोडा:

```
lutyuv=y=16+(val-16)*0.85:u=128+(val-128)*0.85:v=128+(val-128)*0.85
```

यात उजेड आणि रंग दोन्ही 85 टक्क्यांवर येतात. जे गडद होतं ते त्याच प्रमाणात गडद राहतं, कुठलाही भाग एकदम बुडत नाही. हे आकडे 8 बिटच्या साध्या व्हिडिओसाठी आहेत, आणि फोन-कॅमेऱ्याचे बहुतेक व्हिडिओ तसेच असतात. 0.85 च्या खाली 0.7 पर्यंत जाता येतं, पण त्याहून खाली गेलात तर सांधा पुन्हा ठळक होतो. रंग जुळवायचा आणि मग तो इतका मंद करायचा की जुळलेला दिसूच नये, यात अर्थ नाही.

आकाशात पायऱ्या दिसतात

हळूहळू बदलणारा गडद रंग हा व्हिडिओचा सगळ्यात नाजूक भाग असतो. 8 बिटमध्ये गडद छटांच्या पायऱ्या मोजक्याच, आणि आपण ती छटा 656 पिक्सेलवर पसरवली आहे. त्यामुळे निळसर काळोखात नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे पट्टे उमटतात. तुमच्या संगणकावर ते पुसट दिसतील. अपलोड केल्यावर पलीकडे व्हिडिओ पुन्हा दाबला जातो, तेव्हा ते ठळक होतात आणि चौकोनी ठोकळेही दिसू लागतात. म्हणूनच "माझ्याकडे चांगला दिसत होता, टाकल्यावर खराब झाला" ही तक्रार ब्लर पार्श्वभूमीच्या व्हिडिओत इतकी ऐकू येते.

उपाय म्हणजे त्या भागात अगदी बारीक दाणे मिसळायचे. `lutyuv` च्या पुढे स्वल्पविराम देऊन `noise=c0s=5:c0f=t` लिहा. `c0` म्हणजे फक्त उजेडाचा स्तर; रंगात दाणे टाकले की हिरव्या-जांभळ्या ठिपक्यांचा चिखल होतो. `t` मुळे दाणे दर फ्रेमला बदलतात. ते न बदलणारे ठेवले तर पडद्यावर धूळ बसल्यासारखी दिसते. 5 हा आकडा मोठा वाटत असेल तर 3 करून पाहा, पण पूर्ण काढू नका. सोबत `-crf 18` नंतर `-x264-params aq-mode=3` जोडलंत तर एन्कोडर गडद भागाला जास्त बिट देतो. फाइल थोडी मोठी होते, आणि रात्रीच्या प्रयोगासाठी ती किंमत मी नेहमी मोजतो.

अपलोडनंतर दाण्यांतला काही भाग नाहीसा होतो, ते टळत नाही. पण पायऱ्या परत आल्याच तर मूळ दाण्यांमुळे त्यांच्या कडा तुटक राहतात, सरळ रेघा दिसत नाहीत.

पट्टी भरली, तरी मागे काळंच

फिल्टर बरोबर, आज्ञा बरोबर, एकही एरर नाही, आणि तरी वर-खाली काळं. अशा वेळी मूळ व्हिडिओत आधीच काळ्या पट्ट्या भाजलेल्या असतात. रुंद पडद्याचा सिनेमा किंवा लघुपट 1920 × 1080 मध्ये साठवताना वर-खाली काळं भरलेलं असतं. चित्राचं प्रमाण 2.39 असेल तर त्या प्रत्येक काळ्या पट्टीची जाडी सुमारे 138 ओळी. आपण वरच्या 216 ओळी घेतल्या, त्यातल्या 138 काळ्याच निघाल्या, आणि उलट केल्यावर नेमक्या त्याच सांध्याला लागल्या.

आधी खरं चित्र कुठे सुरू होतं ते शोधा:

```
ffmpeg -ss 00:05:00 -t 20 -i natak.mp4 -vf cropdetect=24:2:0 -f null -
```

पडद्यावर ओळी सरकत जातील आणि प्रत्येकीच्या शेवटी `crop=` ने सुरू होणारे चार आकडे असतील: रुंदी, उंची, डावीकडून अंतर, वरून अंतर. शेवटी शेवटी जो आकडा स्थिर झाला तो घ्या. तुकडा उजेडाचा निवडा, कारण अंधाऱ्या प्रसंगात हा फिल्टर चित्रातल्या काळोखालाच पट्टी समजतो आणि गरजेपेक्षा जास्त कापायला सांगतो. मिळालेला `crop` आज्ञेत `split` च्या आधी घाला. `[m]` च्या ओळीतली 608 ही उंची आणि पट्ट्यांची 656 ही उंची नव्या चित्राप्रमाणे बदलायला मात्र विसरू नका.

जुन्या टेपवरून उतरवलेल्या व्हिडिओत याचा दुहेरी फायदा होतो. लग्नाच्या किंवा नाटकाच्या 4:3 टेप पुष्कळदा 1920 × 1080 मध्ये डावी-उजवीकडे काळं भरून दिलेल्या असतात. तिथे `cropdetect` सहसा `crop=1440:1080:240:0` च्या आसपास काहीतरी सांगतो. बाजूचं काळं कापलं की चित्र 1080 रुंदीत पूर्ण बसतं आणि त्याची उंची 810 होते. न कापता ते 810 × 608 एवढंच राहिलं असतं. म्हणजे पार्श्वभूमीचा प्रश्न सुटतोच, शिवाय चेहरे एक तृतीयांशाने मोठे दिसतात.

या 810 च्या बाबतीत एक बारीक अडचण येते. उरतात 1110 पिक्सेल आणि त्याचे निम्मे 555, म्हणजे विषम संख्या. या प्रकारच्या व्हिडिओत रंगाची माहिती दोन ओळींना मिळून एक अशी साठवलेली असते, त्यामुळे विषम उंचीचे तुकडे रचले की सांध्यावर एका ओळीचा रंग सरकू शकतो आणि बारीक रंगीत रेघ दिसते. वर 554 आणि खाली 556 घ्या. दोन पिक्सेलचा फरक कुणाला दिसत नाही, रेघ मात्र दिसते. विषम उंचीचाच व्हिडिओ एन्कोडरकडे गेला तर तो `height not divisible by 2` म्हणून थांबतो. ती एरर कधी आली तर हिशेबात विषम आकडा कुठे आहे ते शोधा.

व्हीएचएसवरून आलेल्या चित्रात अजून एक गोष्ट तपासा. अगदी तळाच्या काही ओळी फाटलेल्या, वेड्यावाकड्या असतात. जुन्या टीव्हीवर त्या चौकटीबाहेर जात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नसत. आपल्या पद्धतीत त्याच ओळी उलट्या होऊन सांध्याला लागतात आणि ताणल्या जातात, मग चित्राखाली राखाडी पट्टा थरथरत राहतो. `crop` मध्ये तळाच्या 12 ते 16 ओळी आणखी कापून टाका. गमावण्यासारखं तिथे काही नसतं.

माणसं लांबट किंवा फताडी दिसतात

हा दोष रंगाचा नाही, पण याच कामात येतो म्हणून थोडक्यात. मिनी डीव्ही कॅसेटवरून थेट घेतलेली फाइल 720 × 576 ची असते आणि तिचे पिक्सेल चौकोनी नसतात. प्लेअर ते सांभाळून दाखवतो, पण तुकडे रचताना ते प्रमाण हरवतं. सुरुवातीलाच, `split` च्या आधी, `scale=trunc(iw*sar/2)*2:ih,setsar=1` घाला. 4:3 ची फाइल 768 × 576 होईल, आणि पुढचा सगळा हिशेब सरळ लागेल. टेपवरचा व्हिडिओ इंटरलेस्ड असेल, हालचालीत कडांना कंगव्यासारखे दाते दिसत असतील, तर त्याच्याही आधी `bwdif` लावा.

कड जुळते, पण कडेतच नको ते आहे

कडांची पद्धत कडेवर विश्वास ठेवते, त्यामुळे कडेला जे असेल तेच मागे पसरतं. जत्रेच्या नाटकात खालच्या कडेला पुष्कळदा पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकांची डोकी येतात. मग खालची पार्श्वभूमी जवळपास काळी होते. डोकी तळाच्या 70 ओळींतच असतील तर मी त्या सरळ कापतो. चित्राची उंची 608 वरून 568 होते, आणि रंगमंच स्वच्छ दिसतो. डोकी बरीच वरपर्यंत असतील तर खालची पट्टी तळापासून न घेता सतरंजीच्या भागातून घ्यावी, उदाहरणार्थ `crop=iw:160:0:700`. सांध्यावर रंग तंतोतंत जुळणार नाही, पण मागे सतरंजीचा उबदार तांबूस रंग येईल, आणि तो काळ्या पट्टीपेक्षा केव्हाही बरा.

उपशीर्षकं किंवा कोपऱ्यातला लोगो चित्रात भाजलेला असेल तेव्हाही हेच करा. पांढरी अक्षरं पट्टीत आली की प्रत्येक वाक्याबरोबर मागे पांढरा ढग उमटतो आणि विरतो. पट्टी अक्षरांच्या वरून घ्या.

आणि वरची-खालची जागा समान ठेवली पाहिजे असं काही नाही. रील किंवा शॉर्टमध्ये खालच्या भागावर नाव, मजकूर आणि बटणं येतात. म्हणून मी वर 560 आणि खाली 752 ठेवतो. बेरीज तीच, चित्र थोडं वर सरकतं आणि सतरंजीवर बसलेला वादक मजकुराखाली दबत नाही. वर नाटकाचं आणि मंडळीचं नाव लिहायलाही पुरेशी जागा उरते.

संगणक नसेल तर

फोनवरच्या ज्या एडिटरमध्ये एकावर एक थर ठेवता येतात, त्यात हेच हाताने करता येतं. 9:16 चा प्रोजेक्ट उघडा आणि तोच व्हिडिओ तीनदा टाका. एक प्रत मधे. दुसरीचा वरचा पाचवा हिस्सा क्रॉप करा, उभी उलटी करा, रुंदी चित्राएवढीच ठेवून उंची ताणा, ब्लर लावा, वर बसवा. तिसरीचा खालचा हिस्सा तसाच खाली बसवा. काही ॲपमध्ये रुंदी आणि उंची वेगवेगळी ताणता येत नाही. तिथे पट्टी जाड घेऊन थोडी मोठी करावी लागते आणि बाजूचा काही भाग कापला जातो. तरीही पूर्ण चित्र मागे टाकण्यापेक्षा सांधा बराच चांगला जुळतो. दोन्ही पट्ट्यांच्या प्रतींचा आवाज बंद करा, नाहीतर पखवाज घुमल्यासारखा ऐकू येईल. वेळेत सरासरी काढण्याची सोय अशा ॲपमध्ये सहसा नसते. त्याऐवजी एका शांत क्षणाचा फ्रेम फ्रीझ करून पट्टीत ठेवता येतो. कॅमेरा हलत नसेल तर हा पर्याय उत्तम चालतो, फक्त रंगमंचावरचे दिवे बदलले की नवा फ्रेम घ्यावा लागतो.

हे कुठे वापरू नये

एकच माणूस कॅमेऱ्याकडे पाहून बोलतो आहे, तर त्याला धूसर पट्ट्यांच्या मधे छोटा करून ठेवू नका. सरळ उभं कापा, बाजूला गमावण्यासारखं काही नसतं. दोन माणसं जवळ बसून बोलत असतील तर बाजूचा थोडा भाग कापून चित्र 4:3 करा आणि मग पट्ट्या लावा, म्हणजे 608 ऐवजी 810 उंची मिळेल. कॅमेरा सतत फिरणारा असेल, जसं पालखीबरोबर चालत घेतलेलं चित्रण, तर कडांचे रंग इतक्या वेगाने बदलतात की सरासरी काढूनही मागचं शांत होत नाही. तिथे पट्ट्यांच्या जागी त्या दृश्यातला एखादा गडद सपाट रंग भरणं मला जास्त बरं वाटतं: `pad=1080:1920:0:656:color=0x2a1a18` सारखं, आणि रंगाचा आकडा त्याच व्हिडिओच्या एखाद्या सावलीतून उचललेला.